फोटोतली रांगोळी वाचताना

उंबऱ्यापुढची रांगोळी दुसऱ्या दिवशी केरसुणीने जाते आणि हातावरची मेंदी दोन-तीन आठवड्यांत उतरते. घरच्या फोटोत या दोन गोष्टी दिसल्या, तर त्या फोटोच्या दिवसाबद्दल भिंती आणि कपाटांपेक्षा जास्त सांगतात, कारण भिंत वर्षानुवर्षे तीच असते. फोटोमागे तारीख नसते, नावे लिहिलेली नसतात, ओळखणारे माणूस उरलेले नसते. अशा वेळी जमिनीवरच्या आणि हातावरच्या रेघांवरून घरातली रीत कुठल्या भागाची आणि निमित्त काय, याचा अंदाज बांधता येतो. अडचण एवढीच, की पाहणारा सहसा आधी चित्र पाहतो: कमळ आहे, मोर आहे, स्वस्तिक आहे. आणि नेमके चित्रच सगळ्यात कमी भरवशाचे असते. कमळ मदुराईत काढतात, नागपुरात काढतात आणि दरभंग्यातही काढतात. छापील पुस्तकांनी आणि नंतर मोबाइलने तर नक्षी कुठल्या कुठे नेल्या. त्यापेक्षा रेघ कशाने ओढली आहे, ठिपक्यांचे तिने काय केले आहे आणि भोवती काय मांडले आहे, हे पाहणे अधिक उपयोगी ठरते.

सुरुवात पुडीपासून करावी. महाराष्ट्रातली पांढरी रांगोळी शिरगोळ्याच्या मऊ दगडाची भुकटी असते. कोकणात भाताची फोलपटे जाळून त्यांची पांढरी राखही वापरली जाई. ही कोरडी पूड अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीतून सोडतात. फोटो मोठा करून पाहिला, तर अशा रेघेच्या कडा रवाळ दिसतात, वळणावर पूड थोडी साठते आणि रेघ जिथे थांबते तिथे बारीक शेपूट राहते. तमिळ कोलमचे रोजचे रूपही कोरडेच असते, फक्त मूळ रीत तांदळाच्या पिठाची. आता बाजारातल्या कोलमच्या पुडीतही दगडाची भुकटी असते, त्यामुळे नुसत्या कोरड्या पांढऱ्या रेघेवरून महाराष्ट्र की तमिळनाडू हे ठरवता येत नाही.

ओली रेघ मात्र बरेच काही सांगते. तांदूळ भिजवून, वाटून, पातळ करून त्यात फडक्याचा लहान बोळा बुडवतात. बोळा हातात दाबला की पीठ बोटावरून खाली ओघळते आणि बोटाच्या टोकाने रेघ उमटते. अशा रेघेला रवाळ कडा नसते. ती सुरुवातीला जवळजवळ दिसत नाही आणि वाळली की दुधासारखी पांढरी होते. जिथे पीठ जास्त पडले तिथे पापुद्रा धरतो. तमिळ घरात या ओल्या कोलमला माक्कोलम म्हणतात आणि ते सणाला किंवा कार्याला काढतात, रोज नाही. तांदळाची ओली रेघ बंगालच्या अल्पनेत, मिथिलेच्या अरिपनात आणि कुमाऊँच्या ऐपणातही असते, पण त्यांचा गोंधळ सहसा होत नाही. अल्पनेत ठिपक्यांची चौकट नसते. वेली, पाने, शंख असे मोकळ्या हाताने वळत जातात. अरिपनात पांढऱ्यावर शेंदराचे ठिपके देतात. ऐपण आधी गेरूने लाल केलेल्या जमिनीवर काढतात, त्यामुळे दाट लाल पार्श्वभूमी आणि तिच्यावर बोटांनी ओढलेल्या बारीक पांढऱ्या रेघा ही तिची खूण आहे. राजस्थानच्या मांडण्यातही लाल जमिनीवर पांढरे काम असते, पण तिथे पांढरा रंग खडूच्या मातीचा असतो आणि आकार भौमितिक, मोठे, भरीव रेघांचे असतात.

दुसरी खूण ठिपक्यांची. ठिपक्यांची रांगोळी महाराष्ट्रातही आहे आणि तमिळनाडू, आंध्र, तेलंगण, कर्नाटकातही. मराठी घरात ठिपक्यांसाठी भोके पाडलेला कागद असे. तो जमिनीवर ठेवून वरून रांगोळी पसरली की ठिपके आपोआप पडत. त्यानंतर रेघेने ठिपके जोडायचे, म्हणजे रेघ ठिपक्यातून जाते आणि ठिपका तिच्यात बुडून जातो. शेवटी ठिपका शोधावा लागतो. तमिळ सिक्कु कोलममध्ये याच्या उलट होते. तिथे रेघ ठिपक्याला शिवत नाही, त्याच्याभोवती वळसा घेऊन पुढे जाते, दुसऱ्याला वळसा घालते आणि फिरून सुरुवातीच्या जागी येते. प्रत्येक ठिपका एकेका कोंडीत मोकळा राहतो. रेघेला टोक नसते, तीक्ष्ण कोपराही क्वचितच असतो. हे नियम इतके काटेकोर आहेत की मद्रास ख्रिश्चन कॉलेजमधल्या गिफ्ट सिरोमनी, राणी सिरोमनी आणि कमला कृतिवासन यांनी १९७४ मध्ये कोलम गणिती व्याकरणाच्या भाषेत मांडले. फोटो वाचणाऱ्याला एवढे पुरे, की मोकळे ठिपके आणि त्यांभोवती न तुटणारी रेघ दिसली तर बोट दक्षिणेकडे ठेवावे. थेट तमिळनाडूवर ठेवू नये, कारण तेलुगू मुग्गूत आणि कन्नड रांगोळीतही असे वळशांचे प्रकार आहेत. आणि उलट बाजूने, ठिपके जोडलेली आकृती दिसली म्हणून ती मराठीच, असेही नाही. ठिपके जोडून फुले-पक्षी काढण्याची कोलमची वेगळी रीतही आहे.

फोटोत बऱ्याचदा आकृती अर्धीच येते. कुणाची साडी तिच्यावरून गेलेली असते किंवा चौकटीने तिचा कोपरा कापलेला असतो. ठिपक्यांची रचना माहीत असली तर उरलेली आकृती मनात पुरी करता येते. मधली ओळ मोजावी आणि तिच्या लगतची. लगतच्या ओळीत एक ठिपका कमी असेल तर ठिपके एकमेकांच्या मधोमध बसवलेले आहेत. १५ ते ८ असे सांगतात तेव्हा मधे १५ ठिपके आणि दोन्ही बाजूंना १४, १३ असे उतरत ८ पर्यंत, म्हणजे एकंदर पंधरा ओळी. दोन कमी होत असतील तर ठिपके एकाखाली एक सरळ आहेत आणि आकृती टोकाला एकावर येऊन चौकोन टोकावर उभा केल्यासारखी दिसते. फोटो उभ्याने, तिरक्या कोनातून काढलेला असतो, त्यामुळे लांबच्या ओळी एकमेकींवर चढतात. मोजणी जवळच्या अर्ध्या भागाचीच करावी आणि दुसरा अर्धा तसाच धरावा. चाळीस-पन्नास सेंटिमीटरचे रोजचे कोलम आणि अख्खा रस्ता अडवणारे सणाचे कोलम यांतला फरक अशा मोजणीतून कळतो.

महाराष्ट्रातल्या रांगोळीला आणखी एक खूण आहे, आणि ती काळही सांगते. जमिनीवर चाळणीने रंगांचा मोठा गोल पसरायचा आणि त्यावर बोटांच्या फटींतून पांढऱ्या जाड रेघा सोडत शंख, स्वस्तिक, सर्परेषा, गोपद्म अशी चिन्हे गुंफायची, ही रीत संस्कार भारतीच्या नावाने ओळखली जाते. ती संस्था १९८१ मध्ये सुरू झाली. त्यामुळे असा भला मोठा रंगीत गोल असलेला फोटो साठच्या दशकातला आहे असे कुणी सांगितले, तर ती तारीख पुन्हा तपासावी. गालिच्याची रांगोळी आणि माणसांची चित्रे असलेली रांगोळी मात्र स्पर्धांमुळे कुठेही सापडते. त्यांवरून प्रदेशाचा अंदाज बांधण्याचा मोह टाळलेला बरा.

आता निमित्ताकडे. काही आकृती अशा आहेत की त्या दिसल्या की महिना सांगता येतो. चैत्रांगण त्यांतले पहिले. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत, महिनाभर, मराठी घरांत ही रांगोळी काढली जाते. तिच्यात मोठी मध्यवर्ती नक्षी नसते. वर गौरीचे मखर किंवा पाळणा, बाजूंना सूर्य आणि चंद्र, आणि खाली शंख, चक्र, गदा, पद्म, कासव, नाग, हत्ती, तुळशीवृंदावन, गोपद्मे, आंबा, फणी, करंडा, आरसा अशी छोटी छोटी चिन्हे सुटी सुटी मांडलेली असतात. सममितीची सवय असलेल्या डोळ्याला ती विस्कळीत वाटते आणि म्हणूनच ओळखता येते. जवळच आंब्याची डाळ, पन्हे, भिजवलेले हरभरे, कापलेले कलिंगड दिसले तर चैत्रगौरीचे हळदीकुंकू आहे यात शंका उरत नाही. चातुर्मासातली गोपद्मे वेगळी. ती तेहतीस काढतात आणि एकाच चिन्हाच्या ओळी दिसतात.

पावले हा प्रकार अधिक फसवा आहे, कारण ती बऱ्याच ठिकाणी निघतात आणि काढण्याची युक्तीही जवळजवळ एकच: मूठ वळून तिची करंगळीकडची बाजू पिठात किंवा रंगात बुडवून जमिनीवर टेकवायची आणि वर बोटांचे ठिपके द्यायचे. भाद्रपदात गौरी आणताना मराठी घरात दारापासून आतपर्यंत पावले काढतात, त्यांत हळदकुंकू असते. फोटोच्या कडेला गणपतीची आरास दिसण्याची शक्यता मोठी. दिवाळीत लक्ष्मीची पावले रांगोळीची असतात आणि सोबत पणत्या, कंदील, मुलांनी केलेला किल्ला असतो. तमिळ घरात गोकुळाष्टमीला पांढरी ओली पावले दारातून देवघरापर्यंत जातात, पण ती बाळकृष्णाची असल्याने अगदी लहान असतात. बंगालमध्ये कोजागरीच्या लक्ष्मीपूजेला पावलांच्या जोडीने भाताच्या लोंब्या आणि वेल असतो. म्हणजे पावले दिसली की त्यांचा रंग, आकार आणि शेजार या तिन्ही गोष्टी पाहाव्यात. पावलांची दिशा मात्र सगळीकडे आतलीच असते. ती बाहेर जाताना दिसली तर फोटो दाराच्या कोणत्या बाजूने घेतला आहे ते आधी पाहावे.

दक्षिणेत डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंतचा मार्गळी महिना मोठ्या कोलमांचा. कोलमच्या मध्यभागी शेणाचा गोळा आणि त्यात खोचलेले भोपळ्याचे पिवळे फूल दिसले, तर फोटो या महिन्यातला. तेलुगू घरांतही याच काळात मुग्गूवर शेणाचे गोळे ठेवतात, त्यांना गोब्बेम्म म्हणतात. ते एकापेक्षा जास्त असतात, त्यांवर हळदकुंकू आणि फुले असतात आणि मुली त्यांभोवती फेर धरतात. संक्रांतीचा सण संपवताना तेलुगू अंगणात रथाचे मुग्गू काढतात आणि रथाची दोरी म्हणून एक रेघ शेजारच्या घरापर्यंत ओढत नेतात. दोरी चौकटीबाहेर जाताना दिसली की तो दिवसच सापडला. तरी शेण दिसले म्हणजे दक्षिणच असे नाही. महाराष्ट्राच्या काही भागांत दिवाळीत शेणाच्या गवळणी मांडतात, त्यामुळे आधी थंडीचे कपडे, पणत्या, ऊस अशा ऋतूच्या खुणा पाहून घ्याव्यात. आकृतीत अक्षरे असतील तर काम फारच सोपे होते: लिपी भाषा सांगते, मजकूर दिवस सांगतो, आणि पहाटेच्या कोलमवर नववर्षाच्या शुभेच्छांसह वर्षाचा आकडाही सापडतो.

याउलट काही रांगोळ्या निमित्ताबद्दल जवळपास गप्प असतात. मराठी घरात पाटाभोवतीची रेघ आणि ताटाभोवतीची महिरप केळवणाला असते, मुंजीतल्या मातृभोजनाला असते, डोहाळजेवणाला असते, भाऊबीजेच्या ओवाळणीलाही असते. रांगोळी इतकेच सांगते की हे मानाचे, शुभ कार्याचे बसणे आहे. पुढचे माणसाकडून कळते: डोक्याचे मुंडन आणि लंगोटी, फुलांचे दागिने आणि हिरवी साडी, निरांजन धरलेली बहीण. महिरप दिसल्याबरोबर ‘केळवण’ असे लिहून टाकणे ही जुन्या फोटोंखालच्या नोंदींतली नेहमीची चूक आहे.

रांगोळी नसण्यालाही अर्थ असतो, पण तो जपून घ्यावा. श्राद्धाच्या दिवशी मराठी घरात ताटाभोवती रांगोळी घालत नाहीत, पानाभोवती भस्माची रेघ असते. तमिळ घरात श्राद्धविधी होईपर्यंत दारात कोलम पडत नाही. फोटोत पाने मांडलेली आहेत, माणसे सोवळ्यात आहेत आणि तरी जमीन कोरी आहे, तर हा धागा धरता येतो. नुसते कोरे अंगण मात्र पाऊस, केरसुणी किंवा दुपारची वेळ यांपैकी कशानेही कोरे होऊ शकते.

हातांकडे वळताना पहिला प्रश्न असा की जे दिसते आहे ती मेंदीच आहे का. बंगाल आणि ओडिशात सणाला, लग्नाला अळता लावतात. तो द्रव रंग आहे, किरमिजी लाल, पावलांच्या कडेने पट्टा आणि हातावर गोल. मेंदीचा रंग नारिंगीकडून तपकिरी लालकडे जातो, गुलाबीकडे कधीच नाही. रंगावर विसंबता येत नसेल तर नखे पाहावीत. मेंदी नखाला पक्की रंगवते, अळता धुतला की निघतो. या नखाचा आणखी एक उपयोग आहे. बोटाचे नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढते. नखाच्या मुळाशी न रंगलेली पट्टी दिसली तर तिच्या रुंदीवरून मेंदी किती आठवड्यांपूर्वी लावली याचा अंदाज येतो, मग तळहातावरची नक्षी पुसून गेलेली का असेना. अर्थात त्यासाठी फोटो जवळून काढलेला आणि नेमका हवा.

कातडीवरचा रंग दिवस मोजायला मदत करतो. पानातले लॉसोन हे रंगद्रव्य कातडीच्या वरच्या थरात मुरते आणि हवेने गडद होत जाते. मेंदी काढल्या काढल्या रंग भडक नारिंगी असतो आणि एक-दोन दिवसांनी तो पूर्ण चढतो. नवरीला मेंदी लग्नाच्या आदल्या दिवशी किंवा त्याच्याही आधी लावतात ती यासाठीच. त्यामुळे नारिंगी हातांचा फोटो मेंदीच्या दुसऱ्या सकाळचा असण्याची शक्यता जास्त आणि दाट तपकिरी हातांचा फोटो प्रत्यक्ष लग्नाचा किंवा त्यानंतरचा. तळहातावर कातडी जाड असल्याने रंग गडद येतो, हाताच्या पाठीवर आणि मनगटाच्या वर फिका. एकसारखा काळाकुट्ट रंग हाताच्या पाठीवरही दिसला, तर ती केस रंगवण्याचे रसायन मिसळलेली काळी मेंदी असू शकते. तिने कातडीवर फोडही येतात.

नक्षीवरून प्रदेश सांगणे मेंदीत रांगोळीपेक्षा कठीण आहे, आणि त्याचे कारण कोन. पाने वाटून लावायची तेव्हा बारीक काम शक्यच नव्हते. तळहाताच्या मध्यभागी भरीव गोल, भोवती काडीने दिलेले ठिपके आणि बोटांच्या टोकांना टोप्या, हीच जुनी रीत महाराष्ट्रात होती आणि तमिळ, तेलुगू घरांतही. म्हणून जुन्या फोटोतला गोल प्रांत सांगत नाही, वाटलेली पाने सांगतो. तमिळ मरुदाणी आणि तेलुगू गोरिंटाकू आषाढाच्या आसपास लावतात; मराठी घरात नागपंचमीची मेंदी ओळखीची आहे. त्यामुळे हातावर गोल आणि अंगावर रोजची साडी दिसली, तर लग्नाऐवजी पावसाळ्यातल्या सणाचा विचार आधी करावा. कोन सर्वत्र मिळू लागल्यावर दोन घराणी वेगळी दिसू लागली. राजस्थानी वळणाच्या मेंदीत दोन्ही हात आरशातल्यासारखे जुळतात, मोकळी जागा उरत नाही, लहरिया, चौपट, कलश, मोर दाटीने भरलेले असतात. अरबी म्हणतात त्या मेंदीत मनगटापासून तर्जनीपर्यंत तिरका वेल जातो, फुले-पाने मोठी, जाड कडेची, आणि बाकीचा हात मोकळा. पण आज पुण्यातली, हैदराबादची आणि लंडनची नवरी एकाच कोनातून एकाच प्रकारची मेंदी काढून घेते. मेंदीवरून नवरी ओळखावी. ती कुठली आहे हे हिरवा चुडा, पंजाबी लाल चुडा, शंखाच्या पांढऱ्या आणि लाल बांगड्या यांना विचारावे.

फोटो स्वतःही फसवतो. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो उलटा साठलेला असू शकतो. जुनी निगेटिव्ह उलटी छापली गेली तरी तेच होते. मग स्वस्तिकाच्या भुजा उलट्या फिरतात आणि घरात काही वेगळा पंथ होता की काय, असे तर्क सुरू होतात. आधी साडीचा पदर पाहावा. मराठी किंवा तमिळ पद्धतीचा पदर डाव्या खांद्यावर हवा, तो सगळ्यांचाच उजव्या खांद्यावर दिसला तर फोटो उलटा आहे. मात्र गुजराती पदर उजव्या खांद्यावरून पुढे येतो, तेव्हा एक साडी पाहून निर्णय करू नये. पुरुषांच्या सदऱ्याची बटणे आणि कॅलेंडरवरची अक्षरेही पाहावीत. रंगांचेही तसेच. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या बऱ्याच रंगीत प्रती काळाने लालसर-पिवळ्या झाल्या आहेत. त्यांत फिकी मेंदी गडद वाटते आणि पांढरी रांगोळी पिवळट दिसते. तुलनेला फोटोतलीच पांढरी वस्तू घ्यावी, धोतर किंवा चुना दिलेली भिंत. ती जितकी पिवळी, तितकी पिवळी रांगोळीतून मनातल्या मनात वजा करावी. आणि उंबऱ्यावरची फार नीटस, प्रत्येक फोटोत तीच असलेली, चकाकणारी रांगोळी प्लॅस्टिकची चिकटपट्टी निघते. ती वर्षभर तिथेच असते, तिच्यावरून सण ओळखता येत नाही.

हे सगळे एकत्र कसे वापरायचे, हे एका नमुन्याच्या फोटोवर पाहता येईल. समजा, पोस्टकार्डाएवढी, लालसर पडलेली रंगीत प्रत आहे. दारासमोर लाल सिमेंटची गुळगुळीत जमीन, तिच्यावर मोठा चौरस, आणि चौरसाच्या बाजू चार-पाच समांतर रेघांच्या, कोपऱ्यांत वळसे. भोवती विटकरी पट्टा. दाराच्या दोन्ही बाजूंना केळीचे खांब बांधलेले. चौरसाच्या कडेला एक बाई बसली आहे, तिच्या तळहातावर गडद गोल आणि बोटांना टोप्या. मागे पुरुष उभा आहे, त्याचा चेहरा कापला गेला आहे. प्रतीच्या मागे काही लिहिलेले नाही.

रेघेपासून सुरुवात केली, तर ती एकसारख्या जाडीची आणि रवाळ कडा नसलेली आहे, दोन-तीन ठिकाणी पापुद्रा सुटला आहे. म्हणजे तांदळाचे ओले पीठ. ठिपके कुठेच नाहीत, म्हणून सिक्कु प्रकार बाद. समांतर रेघांचा पायऱ्यापायऱ्यांसारखा चौरस म्हणजे पडिक्कोलम, जे तमिळ घरात पूजेला आणि लग्नकार्याला काढतात. अल्पना आणि ऐपण इथेच बाजूला पडतात. एकीत असा काटेकोर चौरस मुख्य नसतो, दुसरीत लाल रंग आकृतीखाली असतो, भोवती नाही. जमीन लाल असली तरी ती सिमेंटची आहे, दाराच्या आतही तशीच गेलेली दिसते, म्हणून ती गेरूची समजू नये. भोवतालचा विटकरी पट्टा गेरूचा, तमिळमध्ये कावी, आणि तो शुभ कार्याला देतात. केळीचे खांब कार्य मोठे असल्याचे सांगतात: लग्न, मुंज, गृहप्रवेश यांपैकी काही.

हात पाहताना रंगावर भरवसा ठेवता येत नाही, कारण मागच्या माणसाचे धोतरही गुलाबी झाले आहे. नखे गोलाइतकीच गडद आहेत, म्हणून मेंदी. भरीव गोल वाटलेल्या पानांचा आहे, कोनाचा नाही. बाईच्या अंगावर जरीची साडी आहे, पण मुंडावळ्यांसारखे किंवा डोक्यावरच्या दागिन्यांसारखे नवरीपणाचे काही नाही. ती नवरीची आई, मावशी, आत्या कुणीही असू शकते. मेंदी म्हणजे नवरी, असा झटपट हिशेब इथे चुकला असता.

उरतो प्रश्न ठिकाणाचा, आणि तो रांगोळीने सुटत नाही. हीच रीत तंजावरच्या घरात असेल, केरळातल्या पालक्काडच्या तमिळ कुटुंबात असेल, मुंबईत माटुंग्याच्या चाळीतही असेल. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तंजावरात स्थिरावलेल्या मराठी घरांनीही कोलम आपलेसे केले आहे, तेव्हा काढणारी बाई घरात मराठी बोलत असणेही शक्य आहे. इथे जमीन सोडून भिंतीकडे जावे लागते. दाराशेजारी कॅलेंडर टांगलेले असेल तर त्याची लिपी, विजेच्या मीटरची पाटी, उंबऱ्याबाहेरची शहाबादी फरशी, समोरच्या घराचे छप्पर, यांपैकी एखादी गोष्ट मोठी करून पाहिली की निवड आकसते. काळासाठी प्रतीच्या मागचा कागदाच्या कंपनीचा ठसा आणि तिची पांढरी कड उपयोगी पडते.

फोटोखालची नोंद मग अशी होईल: तमिळ रीत पाळणाऱ्या घरातले मोठे शुभ कार्य, बहुधा लग्न किंवा गृहप्रवेश, दारात ओल्या पिठाचे पडिक्कोलम, गेरूची कड, बसलेल्या बाईच्या हाताला वाटलेल्या पानांची मेंदी, ठिकाण आणि वर्ष अनिश्चित. जे दिसते ते आधी आणि जे तर्काने काढले ते ‘बहुधा’ लावून, असे दोन भाग वेगळे ठेवले, तर पुढे घरातल्या कुणी वडीलधाऱ्याने ‘हे तर कुंभकोणमच्या घराचे वास्तुपूजन’ म्हटले तरी नोंदीतला एकच शब्द बदलावा लागतो.